दोन मालेगाव आणि क्रम लावणारे वृक्ष

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात बसून कोणी ‘मालेगाव तहसील कार्यालय’ शोधले, तर नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचे पान वर येण्याचा धोका असतो. दोन्ही पानांवर शब्द तेच, आणि नाशिककडचे शहर कितीतरी मोठे. पानांचा योग्य क्रम उदाहरणांवरून शिकण्यासाठी ‘लॅम्डामार्ट’ ही पद्धत वापरतात. ती ख्रिस बर्जेस आणि त्यांच्या मायक्रोसॉफ्टमधील सहकाऱ्यांनी घडवली. याहूच्या २०१० च्या क्रमवारी स्पर्धेतल्या विजेत्या संघाचा भरवसाही मुख्यतः तिच्यावरच होता.

यात छोटे निर्णयवृक्ष एकामागून एक उभे राहतात आणि प्रत्येक नवा वृक्ष आधीच्यांची उरलेली चूक कमी करतो. पद्धतीची खरी करामत चूक मोजण्यात आहे. समजा, परीक्षकांनी वाशीमच्या पानाला ३, नाशिकच्या पानाला १ आणि एका जुन्या बातमीला ० गुण दिले. ‘२ चा गुणाएवढा घात, वजा १’ या हिशेबाने त्यांचे मोल ७, १ आणि ० होते. पहिल्या स्थानावर मोल पूर्ण धरतात, दुसऱ्यावर ०.६३ पट, तिसऱ्यावर निम्मे. नाशिक, वाशीम, बातमी असा क्रम लागला तर बेरीज ५.४२ येते, आदर्श क्रमाची येते ७.६३. यांचे गुणोत्तर ०.७१, यालाच एनडीसीजी म्हणतात. वरच्या दोन पानांची अदलाबदल केली की ते १ होते, म्हणजे ०.२९ ने वाढते. ही वाढ जितकी मोठी आणि सध्याचा क्रम जितका ठामपणे चुकीचा, तितक्या जोराने वाशीमचे पान वर आणि नाशिकचे खाली ढकलायचे असते. नवा वृक्ष ही ढकलच शिकतो.

मात्र दोन पानांतला फरक वृक्षाला दिसायला हवा. शोधणाऱ्यापासून पानावरच्या गावाचे अंतर हे इथे कळीचे वैशिष्ट्य. ‘या नावाची अनेक गावे आहेत’ हे वैशिष्ट्य त्या शोधातल्या सर्व पानांना सारखेच असते. एकटे ते क्रम बदलू शकत नाही. त्याच फांदीवर पुढे अंतराचा फाटा फुटला की ते कामाला येते.

क्लिकची संख्या हे सर्वांत फसवे वैशिष्ट्य. वर दिसते म्हणूनच पान जास्त उघडले जाते, आणि वृक्ष जुनाच क्रम गिरवतात. त्यामुळे क्लिक स्थानानुसार तोलून घ्यावे लागतात. दुसरी चूक विभागणीची: एकाच शोधातली काही पाने शिकवणीत आणि काही चाचणीत गेली, तर चाचणीचे आकडे खोटे फुगतात. विभागणी नेहमी शोधांची करावी, पानांची नव्हे.

वैशिष्ट्यांच्या महत्त्वाच्या तक्त्यावरही विसंबता येत नाही. सारखी माहिती देणारी दोन वैशिष्ट्ये श्रेय वाटून घेतात आणि दोन्ही किरकोळ भासतात. त्यापेक्षा एक वैशिष्ट्य वगळून पुन्हा शिकवावे आणि एकाच नावाच्या अनेक गावांचे शोध वेगळे काढून तपासावेत. असे शोध एकूण शोधांत थोडे असतात. अंतर वगळल्यावर सर्व शोधांची सरासरी जागची हलली नाही, पण या गटाचा एनडीसीजी घसरला, तर अंतर ठेवलेच पाहिजे.