इंग्रजी प्रश्नातला ‘डू’ येतो कुठून?

‘शी सिंग्ज’ या इंग्रजी वाक्याचा प्रश्न ‘डझ शी सिंग?’ असा होतो आणि नकार ‘शी डझन्ट सिंग’ असा. मूळ वाक्यात ‘डू’ कुठेच नव्हता. प्रश्नात तो आला तरी अर्थात भर पडली नाही, मात्र ‘सिंग्ज’च्या शेवटचा ‘स’ नाहीसा झाला. हा ‘स’ हरवलेला नाही. ‘डू’चे ‘डझ’ झाले ते त्याच्यामुळेच. भूतकाळातही असेच घडते. ‘शी वेन्ट होम’चा प्रश्न ‘डिड शी गो होम?’ असा होतो. ‘वेन्ट’मधला भूतकाळ ‘डिड’ने उचलला आणि मुख्य क्रियापद ‘गो’ या मूळ रूपात उरले.

‘डू’चे काम एवढेच, काळ आणि पुरुष यांचे प्रत्यय अंगावर घेण्याचे. मराठीला हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. ‘ते जातात’ याचा नकार ‘ते जात नाहीत’ असा होतो. ‘जातात’मधला अनेकवचनाचा प्रत्यय गळून ‘नाही’ला लागतो आणि ‘जात’ प्रत्ययाविना राहते. फरक असा, की मराठीत हे ओझे नकाराचा शब्दच उचलतो. इंग्रजीतल्या ‘नॉट’ला कोणताही प्रत्यय लागत नाही, म्हणून तिथे वेगळा वाहक लागतो.

‘डिड शी वेन्ट?’ किंवा ‘डझ शी सिंग्ज?’ या चुका इथेच होतात. वाक्यात काळ एकदाच दाखवायचा असतो, पण बोलणारा तो दोनदा दाखवतो. चूक पकडायची सोपी खूण अशी: ‘डू’, ‘डझ’ किंवा ‘डिड’ आले, की पुढचे क्रियापद शब्दकोशात सापडते त्याच रूपात हवे.

मग ‘कॅन शी सिंग?’ या प्रश्नात ‘डू’ का नाही? इंग्रजीत प्रश्न करताना काळ वाहणारे सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी जाते आणि नकारात त्याच्यामागे ‘नॉट’ लागते. ‘शी कॅन सिंग’मध्ये असे सहायक आधीच हजर आहे, त्यामुळे तेच पुढे सरकते. ‘विल’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘शुड’ यांचेही तसेच. सहायक एकाहून अधिक असतील, तर पहिलेच हलते: ‘शी हॅज बीन सिंगिंग’चा प्रश्न ‘हॅज शी बीन सिंगिंग?’ असा होतो. शिवाय ‘कॅन’, ‘मस्ट’ यांना ‘डू’च्या मागे येऊ शकेल असे मूळ रूपच उरलेले नाही. ‘टू कॅन’ म्हणता येत नाही, तसेच ‘डझ शी कॅन’ही म्हणता येत नाही.

‘बी’ची गोष्ट अधिक रंजक आहे. ‘शी इज अ डॉक्टर’मध्ये ‘इज’ हे एकमेव क्रियापद आहे, तरीही प्रश्न ‘इज शी अ डॉक्टर?’ असाच होतो. म्हणजे मुख्य क्रियापद असूनही ‘बी’ सहायकाच्या जागी जाऊन बसते. याचा पुरावा ‘ऑफन’ या शब्दाच्या जागेवरून मिळतो. ‘शी ऑफन सिंग्ज’मध्ये क्रियापद ‘ऑफन’च्या नंतर येते, पण ‘शी इज ऑफन लेट’मध्ये ‘इज’ त्याच्या आधी येते, जसे ‘शी कॅन ऑफन सिंग’मध्ये ‘कॅन’ येते.

एके काळी इंग्रजीतली सगळीच क्रियापदे अशी पुढे सरकत असत. ‘नो यू हिम?’, ‘आय नो नॉट’ या रचना तेव्हा अगदी सामान्य होत्या. पंधराव्या-सोळाव्या शतकांत प्रश्न आणि नकार यांत ‘डू’ वाढत गेला. आल्वार एलेगोर्ड या स्वीडिश अभ्यासकाने 1953 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जुन्या ग्रंथांतली असंख्य वाक्ये मोजून ही वाढ दाखवली. ती सर्वत्र सारखी नव्हती: प्रश्नांत ‘डू’ लवकर रुजला, साध्या नकारात मागाहून. शेक्सपिअरकडे दोन्ही रचना आढळतात आणि 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये जुन्या रचनेचा भरपूर वापर आहे. पुढे सामान्य क्रियापदांनी जागा सोडणे थांबवले आणि रिकाम्या जागी ‘डू’ आला. ‘बी’ने मात्र जुनी चाल सोडली नाही.

दोन ठिकाणी हा नियम वेगळा दिसतो. ‘हू ब्रोक द विंडो?’मध्ये ‘हू’ हाच कर्ता आहे. कर्त्याला ओलांडून काही पुढे न्यायचे नसल्याने ‘डू’ लागत नाही. उलट आज्ञार्थी नकारात ‘बी’लाही ‘डू’ लागतो: ‘डोन्ट बी लेट’. ‘बी’ला मूळ रूप आहे म्हणूनच हे जमते.

‘हॅव’ अजून दोन्ही बाजूंना पाय ठेवून आहे. सहायक असताना ‘हॅव यू ईटन?’ हेच एकमेव रूप आहे. मालकीच्या अर्थाने मात्र ‘हॅव यू अ पेन?’ ही जुनी ब्रिटिश रचना मागे पडली असून आज ‘डू यू हॅव अ पेन?’ असेच बहुतेक जण म्हणतात.