उशीर नक्की कुणाचा?

तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याने अपवर्कवरून पाकिटाच्या लेबलचं काम एका फ्रीलान्सरला दिलं, असं समजा. मुदत २० जूनची, लेबल आलं २३ जूनला. काम संपल्यावर पडद्यावर तारे उमटतात. कौशल्य, दर्जा, उपलब्धता, वेळेचं पालन, संवाद आणि सहकार्य या प्रत्येकासाठी पाचपर्यंत. तीन दिवस उशीर झाला, तेव्हा वेळेचे दोन तारे कापावेत असं व्यापाऱ्याला वाटतं.

तारे देण्याआधी जुने मेसेज उघडावेत. वजन, घटक आणि परवाना क्रमांक हा मजकूर व्यापारी ५ तारखेला देणार होता, तो त्याने ११ला दिला. सहा दिवस त्याच्याकडूनच गेले. खरी मुदत म्हणजे २६ जून, आणि काम तीन दिवस आधीच हातात आलं. वेळेला पाच तारेच द्यायला हवेत.

संवादाचं गणित मात्र वेगळं आहे. १४ तारखेला विचारलेल्या साध्या प्रश्नाचं उत्तर १७ला आलं. आजारपण वा सुट्टी असेल, पण तसं एका ओळीत कळवता आलं असतं. इथे तीन तारे योग्य.

दर्जाबद्दल माणसं सगळ्यात जास्त घोळ घालतात. हिरवा रंग आवडला नाही, हा दर्जाचा दोष नव्हे. मंजुरी आपणच दिली होती. पण कामाच्या वर्णनात ‘छपाईसाठी तयार फाइल’ असं लिहिलेलं असताना फाइल आरजीबी रंगात आली आणि कडेला कटिंगची जागाच सोडलेली नव्हती, म्हणून छापखान्याने ती परत केली. हा दोष खरा. फ्रीलान्सरने त्याच दिवशी, जादा पैसे न घेता फाइल सुधारली, म्हणून दर्जाला चार आणि सहकार्याला पूर्ण पाच.

एवढा काटेकोरपणा कशाला, असं कुणी म्हणेल. अपवर्कची पूर्वज असलेल्या ओडेस्कवर वर्षानुवर्षं ताऱ्यांची सरासरी चढत गेली, असं अर्थतज्ज्ञ जॉन हॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं आहे. जवळजवळ सगळेच पाचच्या आसपास असतील, तर साडेचारसुद्धा नापास वाटतात. त्यामुळे तीन ताऱ्यांसोबत कारण लिहिलं नाही, तर पुढचा ग्राहक भलताच अर्थ काढतो. ‘मधे तीन दिवस उत्तर नव्हतं. छपाईची फाइल एकदा परत आली, पण त्याच दिवशी दुरुस्त करून मिळाली. मजकूर आमच्याकडून उशिरा गेला,’ एवढं पुरे.

अभिप्रायासाठी चौदा दिवस मिळतात, आणि दोघांचे अभिप्राय होईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत कुणालाच दुसऱ्याचं लिहिलेलं दिसत नाही. त्यामुळे सूड उगवला जाईल, ही भीती फारशी उरत नाही. शिवाय ‘शिफारस कराल का?’ याला शून्य ते दहा असे खासगी गुण द्यायचे असतात. फ्रीलान्सरला ते दिसत नाहीत, पण त्याच्या यशाच्या टक्केवारीत मोजले जातात. उघड पाच तारे देऊन इथे गुपचूप चार देणारे बरेच असतात. आपल्या व्यापाऱ्याने पुढचं लेबलही याच माणसाला द्यायचं ठरवलं असेल, तर इथे आठ द्यावेत.