बंद पडलेली बोट ओढताना

जवळ जाणे : आधी थोडे लांब थांबून बंद बोट वाऱ्याने कुठे आणि किती वाहते ते पाहतात. मग वाऱ्याकडे तोंड करून तिच्या नाळेजवळून सावकाश पुढे जातात. वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबले, तर मदतीची बोटच तिच्यावर ढकलली जाऊ शकते. प्रथम बारीक दोरी फेकतात, तिला बांधून जाड दोर पोहोचवतात. पाण्यात सैल दोर असेपर्यंत पंखा फिरवत नाहीत.

ब्रायडल : ओढणाऱ्या बोटीच्या मागील दोन्ही बाजूंच्या मजबूत खुंटांना बांधलेला इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा दोर. त्याच्या टोकाला ओढदोर जोडतात. ताण दोन खुंटांत वाटला जातो आणि ओढ मधोमध राहते. मात्र दोन पायांमधला कोन महत्त्वाचा. खुंट 2 मीटर अंतरावर आणि पायही 2-2 मीटर असतील, तर कोन 60 अंश होतो. 100 किलो ओढीत प्रत्येक पायावर सुमारे 58 किलो येतात. पाय आखूड होऊन कोन 120 अंश झाला, तर प्रत्येकावर पूर्ण 100 किलो. म्हणून पाय लांबच हवेत.

वेग : पाण्यालगत 36 फूट लांबीच्या जड बोटीची नैसर्गिक मर्यादा सुमारे 8 नॉट (1 नॉट = ताशी 1.852 किमी). ओढताना तिच्या बऱ्याच खाली राहतात. वेग दुप्पट, तर ताण साधारण चौपट.

लाटा : दोन्ही बोटी एकाच वेळी लाटेच्या माथ्यावर येतील, इतका दोर सोडतात. दोर पाण्याबाहेर ताठ होऊन झटके देऊ लागला, की वेग कमी करतात. ताणलेला नायलॉन तुटल्यास उलट उसळतो. त्याच्या रेषेत कोणी उभे राहत नाही, आणि दोर कापायला कोयता हाताशी असतो.