घोटा मुरगळल्यावर पुन्हा कधी पळावे?
घोट्याची सूज उतरली की अनेक जण लगेच पळायला लागतात आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. अस्थिबंध ताणले गेल्यावर तोल सांभाळणारी जाणीवही मंदावते. दुखणे थांबले तरी ती लगेच परत येत नाही. म्हणून भिंतीजवळ त्या पायावर ३० सेकंद उभे राहून पाहावे. दुसऱ्या पायाइतका तोल राहिला, न लंगडता भरभर चालता आले आणि त्या पायावर न दुखता उड्या मारता आल्या, तरच सपाट रस्त्यावर एक मिनिट पळणे, दोन मिनिटे चालणे, असे १५ मिनिटे करावे. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो. घोटा सुजला किंवा आखडला, तर पुन्हा नुसते चालण्यावर यावे. मात्र हाड दाबल्यावर दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.