बूट चढायचे नव्हे, उतरायचे!

गेल्या भाद्रपदात आमच्या नाशिकच्या कॉलनीतल्या अकराजणी कळसूबाईला जाऊन आलो. त्यांत मी एक. माझं एरवीचं चालणं म्हणजे घर ते शाळा आणि शाळा ते भाजीबाजार. त्यामुळे जायच्या तीन आठवडे आधी संयोजकांचा निरोप व्हॉट्सॲपवर आला, तेव्हा मी आधी डबा, पाणी आणि छत्रीचं काय लिहिलंय ते शोधलं. त्यांचा उल्लेख शेवटी दोन ओळींत होता. बाकी सगळा निरोप नुसता बुटांबद्दल! आमचे हे वाचून म्हणाले, "डोंगरावर नेतायत की चपलांच्या दुकानात?"

निरोपातल्या मुख्य गोष्टी अशा होत्या. सोलला खोल, मोकळ्या खाचा असलेले बूट हवेत. रोजच्या चपला, सँडल, कॅनव्हासचे बूट, गुळगुळीत सोलचे व्यायामाचे बूट आणि माळ्यावरून काढलेले जुने बूट चालणार नाहीत. सुती पायमोजे घालू नयेत. नवे बूट घेतल्यास ते आधी घरातल्या स्वच्छ फरशीवरच घालून पाहावेत. निघण्याच्या दहा दिवस आधी, बुधवारी संध्याकाळी, सगळ्यांनी बूट आणि पायमोजे घेऊन तपासणीला यावं. आणि शेवटची ओळ, 'ज्यांचे बूट तपासणीत बसणार नाहीत, त्यांना बसमध्ये घेता येणार नाही.'

ही शेवटची ओळ मला जरा उर्मटच वाटली.

पहिला प्रश्न आला तो जुन्या बुटांचा. आमच्या वन्सं आठ वर्षांपूर्वी हिमालयात जाऊन आल्या होत्या. त्यांचे भारी बूट दोनदाच वापरून कपाटात ठेवलेले. "नवे कशाला घेतेस? माझे ने," म्हणाल्या. वरून बूट अगदी कोरे दिसत होते. मी पुढचा भाग हातात धरून जरा वाकवला, तर सोल आणि वरचं कातडं यांमधल्या थरात भेगा पडल्या आणि अंगठ्याने दाबताच शिळ्या केकसारखा भुगा हाताला लागला! संयोजकांना विचारलं तेव्हा कळलं, की बऱ्याच बुटांत सोलच्या वर पॉलियुरेथेनच्या फेसाचा मऊ थर असतो. हवेतल्या दमटपणाने तो आतून कुजत जातो. बूट वापरले नाहीत म्हणून तो टिकत नाही. नुसते ठेवलेले बूटही पाच-सात वर्षांत असे होऊ शकतात. घरात ते कळत नाही. डोंगरावर तासभर चाललं, की अख्खा सोल जबड्यासारखा उघडतो. तेव्हा माळ्यावरचे बूट कुणी देऊ केले, तर आधी वाकवून आणि दाबून पाहा.

मग मी नवे बूट घेतले. रविवारी सकाळी, भाजी आणायला गेले तेव्हाच. पायात पातळ मोजे होते. दुकानदाराने पाच नंबर दिला. माझ्या चपलेचा नंबरही पाचच. दुकानातल्या गालिच्यावर चार पावलं टाकली आणि म्हटलं, "छान बसले हो!" मैत्रिणींनो, या एका वाक्यात माझ्या किती चुका होत्या, ते मला बुधवारी कळलं.

तपासणी एका मैत्रिणीच्या इमारतीच्या जिन्यात होती. संयोजक म्हणजे पंचविशीतला मुलगा, पण या बाबतीत आजोबांसारखा करडा. त्याने आधी मला डोंगरावर घालायचे जाड मोजे घालायला लावले आणि भिंतीला टाच टेकवून एका कागदावर उभं केलं. अंगठ्यापुढे पेन्सिलीची खूण केली आणि पट्टीने मोजलं. उजवा पाय २३.८ सेंटिमीटर, डावा २४.३. दोन पायांत अर्धा सेंटिमीटर फरक! मला आजवर याचा पत्ताच नव्हता. पुष्कळांचे दोन्ही पाय अगदी सारखे नसतात, आणि बूट नेहमी मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा असतो. शिवाय दिवसभर उभं राहून संध्याकाळी पाय थोडे फुगतात. चढतानाही तेच होतं. म्हणून माप संध्याकाळी घ्यायचं, आणि बसून नव्हे तर उभं राहून.

मग त्याने माझ्या बुटातली सुटी गादी बाहेर काढून मोजली. ती २४.८ भरली. म्हणजे डाव्या अंगठ्यापुढे जागा उरली फक्त अर्धा सेंटिमीटर. हवी होती अंगठ्याच्या रुंदीएवढी, एक ते दीड सेंटिमीटर.

"पण मला कुठे टोचत नाहीत," मी म्हटलं.

"ताई, दोन पायऱ्या खाली उतरा. जरा जोरात."

उतरले. दुसऱ्या पायरीला डाव्या पायाचा अंगठा बुटाच्या टोकाला जाऊन भिडला.

"या बुटांत तुम्ही वर जाल. पण खाली येताना रडाल," तो म्हणाला.

हे वाक्य मी विसरणार नाही, कारण सगळं मर्म त्यातच आहे. आपण बूट सपाट जागेवर घालून बघतो, आणि मनात चढण असते. पण बुटाची परीक्षा होते उतरणीवर. उतरताना प्रत्येक पावलाला अंगाचा भार पाय पुढे ढकलतो. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. पायथ्याच्या बारी गावापर्यंत परत येताना हजारो पावलं उतरावी लागतात. पुढे जागा नसेल, तर तितक्या वेळा नखावर ठोका बसतो. नखाखाली रक्त साकळतं, नख काळं पडतं आणि पुढे कधी कधी गळूनही पडतं. नवं नख पुरतं यायला महिनेच्या महिने लागतात. वाईट म्हणजे हे दुखणं सुरू होतं ते परत फिरल्यावर, आणि तेव्हा दुसरा काही उपायच हाताशी नसतो.

मला राग आला होता, हे खोटं कशाला सांगू? पैसे दिलेले, बूट नवे कोरे. पण ते फरशीवरच घातले होते, सोल स्वच्छ होता, म्हणून दुकानदाराने बदलून दिले. निरोपात 'स्वच्छ फरशीवरच' का लिहिलं होतं, ते तेव्हा उमगलं. एका नंबरात साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. सहा नंबरच्या गादीचं माप २५.६ भरलं, म्हणजे डाव्या पायापुढे १.३ सेंटिमीटर जागा. उजवा मात्र थोडा सैल पडला. त्या बुटात गादीखाली आणखी एक पातळ गादी सारली, आणि तोही घट्ट बसला.

ही तपासणी तुम्हाला घरीही करता येईल. नाड्या सोडून पाय बुटात पुढे सरकवा. अंगठा टोकाला टेकला, की टाचेमागे एक बोट जेमतेम जायला हवं. मग टाच मागे ठोकून बसवा आणि नाड्या बांधा. जिना नसेल तर पाटाच्या एका बाजूखाली वीट ठेवा, भिंतीला हात धरा आणि उताराकडे तोंड करून उभ्या राहा. अंगठा टोकाला लागता कामा नये. मग उलट्या, चढाकडे तोंड करून पावलं उचला. टाच आत वरखाली होता कामा नये. थोडी हलली तर चालेल, पण घासत असेल तर तिथे फोड येणार म्हणून समजा. नंबर मोठा घेतला म्हणून पाय पुढे घसरू नये, यासाठी उतरण्यापूर्वी नाड्या पुन्हा बांधायच्या. बोटांवर सैल, आणि घोट्याच्या बाकापाशी नाडीला एकाऐवजी दोन पीळ देऊन घट्ट. त्या दुहेरी पिळाने टाच मागे धरली जाते. ही एक युक्ती मला सगळ्या निरोपाहून जास्त उपयोगी पडली.

नंतरचे दहा दिवस मी ते बूट घालून शाळेत गेले. मुली हसल्या. साडीखाली बूट! पण नवं कातडं पायाला वळण घेईपर्यंत हे करावंच लागतं. दोन दिवसांनी उजव्या टाचेवर लाली आली, तिथे चिकटपट्टी लावायची हे घरीच ठरून गेलं.

पायमोज्यांचंही तसंच. सुती मोजे घाम आणि पावसाचं पाणी धरून ठेवतात. ओल्या कातडीला फोड लवकर येतात, म्हणून लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे. एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घ्यायचा. पाणी आत न जाणारे महागडे बूट घ्यावेत का, असं मी विचारलं. तो हसला. "सह्याद्रीच्या पावसात पाणी वरून, घोट्यातून आत जातं ताई. मग त्या बुटातून ते बाहेरही लवकर निघत नाही." तेवढे पैसे वाचले. आणि नखं दोन-तीन दिवस आधी सरळ कापून ठेवायची, आयत्या वेळी नव्हे.

निघायच्या पहाटे आमच्यातल्या एकजणी मुलीचे गुळगुळीत सोलचे बूट घालून आल्या. तपासणीला त्या आल्याच नव्हत्या. संयोजकाने बॅटरीच्या उजेडात सोल पाहिला आणि त्यांना नम्रपणे नाही म्हटलं. त्या डोळ्यांत पाणी आणून घरी गेल्या. अकराजणी उरलो त्या अशा. बसमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही.

वाटेत बारीच्या दोन बायका साध्या स्लीपर घालून झपाझप पुढे गेल्या. आमच्यातल्या एकीने टोमणा मारलाच, "यांना नाही लागत बूट!" खरं आहे. त्यांचे पाय जन्मापासून त्या वाटेवर तयार झालेले, आपले फरशीवर. दुपारी उतरताना मोठी सर आली आणि वाटेवरचा कातळ चकाकू लागला. खाचांचे सोल मातीत आणि उघड्या खडकावर छान धरत होते. पण हिरव्या शेवाळावर कुठलाही सोल धरत नाही. तिथे बाजूच्या गवतातून जायचं. लोखंडी शिड्यांवरही सोलपेक्षा हाताचाच भरवसा, कठडा धरून, शिडीकडे तोंड करून. त्या ओल्या कातळावर मला पहाटे परतलेल्या बाईंची आठवण झाली, आणि त्या शेवटच्या ओळीतला उर्मटपणा कुठल्या कुठे गेला.

घरी आल्यावर बूट धुतले, गाद्या बाहेर काढल्या, आत वर्तमानपत्राचे बोळे भरले आणि पंख्याखाली ठेवले. कागद ओले होतील तसे बदलायचे. शेगडीजवळ किंवा कडक उन्हात मात्र ठेवू नका, सोलचा डिंक सुटतो. ह्यांनी माझ्या पायांकडे पाहून विचारलं, "काय, नखं शाबूत?"

दहाच्या दहा!