तांदळातलं आर्सेनिक आणि साक्षीदार मूलद्रव्य

तांदळात आर्सेनिक किती आहे, हे आयसीपी-एमएस हे यंत्र सांगतं. मात्र त्याला दाणा चालत नाही, स्वच्छ द्रावण लागतं. म्हणून तांदूळ आधी आम्लात पूर्ण विरघळवावा लागतो.

अर्धा ग्रॅम पीठ टेफ्लॉनच्या जाड भांड्यात घेऊन त्यावर सात मिलिलिटर तीव्र नायट्रिक आम्ल आणि एक मिलिलिटर हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. पंधरा-वीस मिनिटं भांडं उघडंच ठेवतात, म्हणजे सुरुवातीचा फेस आणि वायू निघून जातो. मग झाकण घट्ट लावून मायक्रोवेव्हमध्ये तापमान हळूहळू २०० अंशांवर नेतात आणि तिथे पंधरा मिनिटं टिकवतात. उघड्यावर हे आम्ल १२० अंशांच्या आसपासच उकळून जातं. बंद भांड्यात दाबामुळे ते द्रवच राहतं आणि स्टार्च जाळून टाकतं. थंड झाल्यावरच झाकण उघडायचं. आतलं द्रावण पाण्याने ५० मिलिलिटर करतात. पीठ न घालता एक भांडं याच वाटेने नेतात. आम्लातून किंवा भांड्यातून आलेलं आर्सेनिक त्यात दिसतं.

समजा, यंत्राने लिटरमागे १.६ मायक्रोग्रॅम दाखवलं. पण द्रावणातल्या क्षारांमुळे यंत्राची संवेदनशीलता घटलेली असू शकते. ते कळावं म्हणून प्रत्येक द्रावणात ठरावीक प्रमाणात एक परकं मूलद्रव्य मिसळतात. याला अंतर्गत मानक म्हणतात. त्याचा संकेत ८० टक्केच आला, तर १.६ ला ०.८ने भागून खरं उत्तर २.० धरायचं, म्हणजे तांदळात किलोमागे ०.२ मिलिग्रॅम.

हा हिशेब खरा ठरतो तो साक्षीदार योग्य असेल तरच. तो नमुन्यात मुळात नसावा. पालकाला माती चिकटलेली असेल तर त्या मातीतलं इट्रियम द्रावणात उतरतं. मग मानक म्हणून घातलेलं इट्रियम शंभर टक्क्यांहून जास्त दिसतं आणि भागाकारामुळे धातू कमी निघतो. असा नमुना मानक न मिसळता एकदा चालवला की ही चूक उघडी पडते.

दुसरी अट अशी, की साक्षीदार आर्सेनिकसारखाच वागावा. पचन अपुरं राहिलं तर उरलेला कार्बन आर्सेनिकचा संकेत वाढवतो, ऱ्होडियमचा मात्र नाही. जर्मेनियम वजनाने आर्सेनिकच्या शेजारचं, तरी त्याचं आयनीकरण सोपं असल्याने तेही कार्बनला फारसं दाद देत नाही. टेल्युरियम वजनाने दूर, पण आयनीकरणाच्या बाबतीत आर्सेनिकला जवळचं, म्हणून इथे तेच बरं. शंका आली तर द्रावण पाचपट पातळ करून पुन्हा मोजावं. पाचने गुणूनही आकडा आधीपेक्षा बराच खाली आला, तर तो फुगवटा कार्बनचा असण्याची शक्यता मोठी.

एक गोष्ट मात्र हा साक्षीदार सांगू शकत नाही. त्याला सहसा पचनानंतर मिसळतात, त्यामुळे भांड्याचं झाकण गळून नमुना उडाला असेल तर त्याला पत्ताच नसतो. त्यासाठी पचनापूर्वी आणि नंतर भांड्याचं वजन करावं, आणि आर्सेनिक प्रमाणित केलेलं तांदळाचं पीठ प्रत्येक खेपेत सोबत पचवावं.