पंखा गुणगुणतो, पण फिरत नाही!

बटण दाबावे आणि पंख्याने नुसते गुणगुणत जागीच राहावे, हा अनुभव पुष्कळांना येतो. आवाज येतो त्याअर्थी वीज मोटारीपर्यंत पोचली आहे. मग अडले कोठे?

छताच्या नेहमीच्या पंख्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. घरातील वीज एकाच वेटोळ्यातून गेली, तर तिचे चुंबकीय क्षेत्र उलटसुलट होत राहते. ते फिरत नाही. म्हणून दुसऱ्या वेटोळ्याच्या मार्गात कपॅसिटर जोडतात. त्यामुळे तेथील प्रवाह पहिल्याच्या थोडा पुढे राहतो आणि दोन्ही मिळून फिरते क्षेत्र तयार होते. तेच पात्यांना ओढून नेते.

कपॅसिटर पूर्ण निकामी झाला, की पंखा जागीच गुणगुणतो. अशा वेळी पात्याला काठीने हलका रेटा दिला, तर तो ज्या दिशेला ढकलावा त्या दिशेला फिरू लागतो! ही खूण तंत्रज्ञाला ठाऊक असते. आपण मात्र चालू पंख्याला हात लावू नये. तो तसाच चालूही ठेवू नये, कारण वेटोळी तापून जळतात.

आता एक उदाहरण घेऊ. वर्गातील एक पंखा 5 या अंकावरही मंद फिरतो. शेजारचा मात्र जोरात. म्हणजे विजेचा दाब कमी नाही. बटण बंद करून पाहा. शेजारच्या पंख्याइतकाच वेळ तो अलगद फिरत राहिला, तर बेअरिंग ठीक आहे. लवकर थांबला, खरखरला किंवा बंद असताना हाताने जड फिरला, तर बेअरिंग झिजले किंवा त्यातले ग्रीस सुकले आहे.

आपला पंखा अलगद थांबला. आता रेग्युलेटर. अंकांच्या जुन्या, रोधाच्या रेग्युलेटरमध्ये 5 वर वीज सरळ पंख्याकडे जाते. म्हणून 5 वर वेग चांगला आणि 2 किंवा 3 वर पंखा बंद, असे झाले तर दोष रेग्युलेटरचा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या लहरीचा काही भाग कापतो. त्यामुळे कमी वेगावर गुणगुण ऐकू येते. पूर्ण वेगावर ती थांबली, तर पंखा निर्दोष समजावा.

आपला पंखा 5 वरही मंदच आहे. तेव्हा संशय कपॅसिटरवर. तंत्रज्ञाने तो मोजला. वर 2.5 मायक्रोफॅरड छापलेले, मापन निघाले 1.4. उष्णतेने कपॅसिटर असा हळूहळू क्षीण होतो. तेवढ्याच मापाचा नवा बसवताच पंख्याला वेग आला. मोठ्या मापाचा बसवल्यास मात्र वेटोळी जास्त तापतात.

बी.एल.डी.सी. जातीच्या नव्या पंख्यांना ही परीक्षा लागू नाही. त्यांची रचनाच वेगळी असते. आणि झाकण उघडायचे ते तंत्रज्ञानेच, मेन स्विच बंद करून. कारण वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरलेला असू शकतो.